पहिला कप कोणाच्या टेबलावर

आमच्या डेअरीत एक रीत आहे. सकाळी दह्याचा ताजा माल थंड खोलीतून निघाला, की त्यातला पहिला कप स्टीलच्या ताटलीत, चमच्यासकट, मॅनेजरच्या टेबलावर जातो. मॅनेजरनं चाखून मान डोलावली की मग गाड्या सुटतात. लॅबचा अहवाल असतोच, तो लागतोच. पण आमच्या मालकांचा, ज्यांना सगळी कंपनी अण्णा म्हणते, कागदापेक्षा जिभेवर जास्त विश्वास आहे.

तो कप बरीच वर्षं माझ्या टेबलावर येत होता. मी मूळची दह्या-श्रीखंडाची माणूस. विरजण कसं लागतंय, कप किती वेळ उबेत ठेवायचे, चक्का किती निथळू द्यायचा, यात माझा जीव रमायचा. काम चांगलं केलं म्हणून मला मॅनेजर केलं, आणि त्या दिवसापासून दह्याशी माझा संबंध त्या एका चमच्यापुरता उरला. बाकी दिवस टँकर कुठं अडकला, बॉयलर का बसला, ड्रायव्हर कोणाशी भांडला, यात जायचा. माझा स्वभाव मुळात तापट. बेलापूरच्या रस्त्यावरून जाणाऱ्यालाही माझा आवाज ऐकू जातो, असं ड्रायव्हर म्हणायचे, आणि ते फारसं खोटं नव्हतं.

एके सकाळी फोनवर बोलता बोलता मी कप संपवला. मावशी, म्हणजे पॅकिंगमधल्या ज्या रोज ताटली आणतात त्या, रिकामा कप उचलायला आल्या आणि त्यांनी विचारलं, "कसं हुतं बाई?" मला आठवेना. संपूर्ण कप पोटात आणि चव कुठंच नाही. मी "छान" म्हणाले खरी, पण दिवसभर त्या एका गोष्टीनं मला चैन पडू दिलं नाही. दिवाळीची धावपळ संपली आणि मी ठरवलं, हे पद सोडायचं. कंपनी मात्र सोडायची नाही. पुन्हा दही-श्रीखंड विभागात जायचं.

अर्ज मी एका बैठकीत लिहिला आणि स्वतःवर खूश झाले. 'वैयक्तिक कारणास्तव मी मॅनेजर पदाचा राजीनामा देत आहे, सांभाळून घ्यावे, काही चुकले असल्यास क्षमा असावी.' तो घेऊन मी एचआरच्या मॅडमकडे गेले. त्या श्रीरामपूरच्या, वयानं माझ्याहून बऱ्याच लहान, पण कागदाच्या बाबतीत पक्क्या. त्यांनी वाचला आणि चष्मा काढून ठेवला.

"मॅडम, तुम्हाला घरी बसायचंय का?"

"मुळीच नाही."

"मग राजीनामा कशाला लिहिलाय? हा मी पुढं पाठवला आणि कोणी मंजूर केला, तर तुमची नोकरीच संपली. ग्रॅच्युइटीची सलग सेवा तुटायची, ते वेगळंच. तुम्हाला पद बदलून हवंय. तेवढंच मागा."

मग त्यांनी मला समोर बसवून घेतलं. क्षमा आधी उडाली. क्षमा मागितली की वरच्यांना वाटतं, काहीतरी घोटाळा आहे. मग 'वैयक्तिक कारणास्तव' गेलं, कारण त्यावर प्रत्येक जण आपापली कादंबरी रचतो. टँकरच्या तापाबद्दल मी एक खमंग परिच्छेद लिहिला होता, तोही गेला. "ही तक्रार झाली. तक्रार वाचली की साहेब लोक तक्रार सोडवायला बसतात, तुमची मागणी राहते बाजूला." उरलं ते एवढंच: मला दही-श्रीखंड विभागाची प्रमुख म्हणून काम करायचं आहे. कंपनीला माझा जास्त उपयोग तिथे आहे. अमक्या तारखेपासून. माझ्या जागेसाठी मी या सहकाऱ्याचं नाव सुचवते. महिनाभर सोबत राहून कामकाज हाती देईन. त्या पदाचा जो पगार असेल तो मला मान्य आहे. सेवा सलग धरावी. सगळं अर्ध्या पानात बसलं. पगाराच्या वाक्यावर माझा हात क्षणभर अडला, ते सांगून टाकते. मग लिहिलं.

अण्णांनी अर्ज वाचला आणि मला बोलावून घेतलं. अण्णा सायकलवरून दूध गोळा करण्यापासून वर आलेले. खुर्ची मिळवायला लोक काय काय करतात हे त्यांनी जन्मभर पाहिलेलं. ती परत करायला आलेलं माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं असावं.

"पगार कमी पडतो व्हय, बाई?"

"नाही अण्णा. कमीच करा म्हणून लिहिलंय."

"दुसऱ्या डेअरीनं बोलावलं?"

"नाही."

"मंग हिशेब बघनाऱ्या आमच्या पुतण्यासंगं वाजलं?"

"ते रोजच वाजतं. त्याचं काही नाही."

त्यांनी दाढी खाजवली. मग म्हणाले, "हे बघा. मी देतो तुमाला खाली. पन लोकं तुमालाच इचारत राह्यली, तर मला एका कारखान्यात दोन मॅनेजर नकोत. पाडव्यापर्यंत बघू. नाही जमलं तर तुमी परत खुर्चीवर. न्हाईतर मंग दोघांनी समजून घ्यायचं." दुसरा पर्याय म्हणजे नोकरी सोडणं, हे त्यांनी उच्चारलं नाही आणि मी विचारलं नाही. एचआरच्या मॅडमनी पत्रात ते 'तीन महिन्यांनी आढावा' अशा सभ्य भाषेत लिहिलं. नवं पद, नवा पगार, मी कोणाच्या हाताखाली, सगळं त्यात होतं. मी सही केली.

महिनाभर सोबत राहून काम हाती दिलं आणि जानेवारी लागताच मी खाली आले. घरी सासूबाईंचं तोंड उतरलं. बेलापुरात "आमची सून मॅनेजर हाय" हे वाक्य त्यांनी इतकं वापरलं होतं, की त्याच्या जागी नवं काही सापडेना. कंपनीत तर लोक भेटायला यायला लागले, ते थेट दहाव्याला आल्यासारखे. हळू आवाज, खाली नजर, "होतं असं मॅडम." एका ड्रायव्हरनं तर गूळपोळी आणली. मी खाल्ली आणि त्याला म्हटलं, मला काढलेलं नाही रे, मी मागून घेतलंय. तो म्हणाला, "असंच म्हनायचं असतं."

नवा मॅनेजर हा माझाच तयार केलेला. शिकाऊ म्हणून आला तेव्हापासून माझ्या हाताखाली. हुशार, शांत, आणि माझ्यापुढे नको तितका नम्र. मी त्याच्या केबिनमध्ये रजेचा अर्ज घेऊन गेले की हा खुर्चीतून उठून उभा राहायचा. "बसा हो साहेब," म्हटलं की आणखी अवघडायचा.

आणि कप? तो माझ्याकडेच येत राहिला. मावशींचा हिशेब सरळ होता. दही बाईंच्या विभागातलं, बाई तिथंच उभ्या, मग ताटली घेऊन वर कशाला जायचं? मी चाखायची, मान डोलवायची, गाड्या सुटायच्या. आणि मला, खरं सांगते, फार बरं वाटायचं. चव लागत होती, कित्येक महिन्यांनी लागत होती. फेब्रुवारीत एचआरच्या मॅडम जेवणाच्या सुट्टीत आल्या, भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हणाल्या, "मॅडम, खुर्ची सोडली, कप नाही सोडला तुम्ही." मला राग आला. त्यांचं बरोबर होतं म्हणून जास्त आला.

दुसऱ्या दिवशी मी मावशींना वर पाठवलं. मावशी गेल्या आणि पाचच मिनिटांत परत आल्या, मागं मागं नवा मॅनेजर, हातात कप. "मॅडम, कसंय बघा ना." असं आठवडाभर चाललं. शेवटी मी म्हटलं, "साहेब, मी दही लावते. माझं दही मीच पास करायचं, हे कुठल्या गावाला चालतं?" तो हसला. त्यानंतर कप वरच राहू लागला. पण रोज निरोप यायचा, "छान आहे मॅडम." रोज छान. माझ्या हातचं दही रोज छान असतं असं मलाही वाटत नाही. पाडवा जवळ येत होता आणि मला धास्ती वाटायला लागली, की हा पोरगा आपल्याला कधीच नाही म्हणणार नाही, आणि अण्णांना ते कळल्याशिवाय राहणार नाही.

पाडव्याच्या आधीचा आठवडा डेअरीत लगीनघाईचा. श्रीखंडाचे डबे थंड खोलीत जाताहेत, येताहेत, दार मिटायला फुरसत नाही. त्या सकाळी श्रीगोंद्याची गाडी भरून तयार होती, ड्रायव्हर पान लावून बसलेला. मावशी वरून खाली आल्या, आणि ताटली हातात तशीच.

"साहेब म्हनत्यात, आंबट हाय. गाडी थांबवायला सांगितली."

मी ताडताड वर गेले. लॅबचा अहवाल त्याच्या टेबलावर ठेवला. "आम्लता मर्यादेत आहे."

तो या वेळी उठला नाही. हे माझ्या नंतर लक्षात आलं. "आत्ता मर्यादेत आहे, मॅडम. श्रीगोंद्याला पोचेपर्यंत दुपार होईल. काठावरचा माल मी उन्हात पाठवणार नाही. हा सगळा ताकाला घ्या. गाडीत संध्याकाळचा माल भरू."

"दुकानदार बोंबलतील."

"बोंबलू द्या. मी बोलतो त्यांच्याशी."

माझी कानशिलं तापली. इतक्या वर्षांत माझा माल कोणी परत पाठवला नव्हता, आणि तोही यानं, ज्याला विरजण म्हणजे काय हे मी शिकवलं. जिन्यावरच फोन वाजला. अण्णा.

"बाई, श्रीगोंद्याची गाडी थांबलीय म्हनं. तुमचं काय म्हननं?"

माझ्या जिभेवर पुष्कळ होतं. लॅबचा अहवाल होता, ड्रायव्हर होता, माझी सगळी वर्षं होती. एक वाक्य बोलले असते तर गाडी सुटली असती, आणि पाडव्याच्या आत मी पुन्हा त्या खुर्चीत असते.

"अण्णा, गाडी साहेबांनी थांबवलीय," मी म्हटलं. "त्यांना विचारा."

मग ते म्हणाले, "बरं," आणि फोन ठेवला.

खाली मावशी अजून ताटली धरून उभ्या होत्या. मी चमचा उचलला आणि नीट, सावकाश चाखलं. थंड खोलीचं दार सारखं उघडं राहिल्यानं कप वेळेत थंड झाले नव्हते, हे जिभेलाच कळलं.

"काय बाई?"

"आंबट आहे," मी म्हटलं, आणि मला इतकं हसू आलं की ड्रायव्हर पान थुंकून बघायला आला. दुपारी सगळ्या कंपनीनं मसाला ताक प्यालं. मी दोन पेले घेतले.