फेरिटिनचा रिपोर्ट

पोलीस भरतीसाठी मी पलूसच्या मैदानावर रोज धावायचे. सराव वाढला, तशी आठशे मीटरची माझी वेळ सुधारायच्या ऐवजी बिघडत गेली. जिना चढताना धाप लागायची, केस गळायचे, कच्चे तांदूळ खावेसे वाटायचे. प्रशिक्षक सगळ्यांसमोर म्हणाले, "लय नाटकं झाली तुजी. घरी बस." मी मान खाली घालून आणखी दोन फेऱ्या मारल्या, याची चीड मला आजही येते.

शेवटी आईनं सांगलीला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. हिमोग्लोबिन ठीक होतं, तरी त्यांनी फेरिटिन तपासलं. शरीरातला लोहाचा साठा संपत आला होता.

"पाळीत रक्त जास्त जातं, त्यात रोजचं धावणं. हे आधीच तपासायला हवं होतं," त्या म्हणाल्या. त्यांनी गोळ्या दिल्या, मटकीवर लिंबू पिळायला सांगितलं आणि जेवणाबरोबरचा चहा बंद केला.

"आवं, चहानं एवढं हुतं व्हय?" आईनं विचारलं.

"चहा जेवणातलं लोह अंगी लागू देत नाही. तासाभरानं प्यावा."

तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं, साठा वाढला होता. वेळही सुधारली. दोन्ही रिपोर्ट मी प्रशिक्षकांपुढं धरले. "सर, धाप लागणाऱ्या बाकीच्या पोरींचंबी तपासून घ्या."

ते न वाचताच शिट्टी वाजवत निघून गेले. त्याच आठवड्यात धाप लागणाऱ्या तिघींना घेऊन मी सांगलीची एसटी पकडली.