आमच्या ह्यांचा अरबी कागद

माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ चुकणार आणि अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला. कुणाच्या हाती ही पानं लागलीच तर सांभाळून घ्यावं. हे मी माझ्यासाठीच लिहितेय, कारण बोलायला मला कधी जमलं नाही.

आमचे हे वसईला बर्फाच्या कारखान्यात होते. बोटींवर मच्छीत घालायला लागतो तो बर्फ तिथे बने. त्या वर्षांत आमच्याकडची माणसं आखातात जायला लागली होती. ह्यांनाही मुंबईच्या एका एजंटाने सांगितलं की मच्छीच्या कोल्ड स्टोरेजची एक कंपनी आहे, तिचा मालक स्वतः माणसं निवडायला येणार आहे आणि तो अरबीच वाचतो. बायोडाटा अरबीत आणा, वर चार-पाच ओळींत माणूस काय कामाचा आहे ते लिहून आणा.

सोपाऱ्याला एक आपा असं लिहून देतात असं ह्यांना कळलं. त्यांचे यजमान बहरीनला नोकरीत होते, तिथे राहून त्या अरबी शिकल्या. यजमान वारल्यावर परत आल्या. आपा म्हटल्यावर मी म्हातारी बाई समजले होते. पहिल्या रविवारी हे चर्चच्या मिस्साहून परस्पर एकटेच गेले. दुसऱ्या रविवारी निघताना नाताळसाठी ठेवलेली सुकेळी मागायला लागले. ती केळी मी सोलून, उन्हात वाळवून, पानात बांधून ठेवलेली.

"कुणाला?"

"आपाला. बिचारी पैसे नंतर द्या म्हणते."

"मीपण येते," मी म्हटलं. हे बघतच राहिले. मी कुठे म्हणून जात नसे.

आपा माझ्याच वयाच्या निघाल्या. गोऱ्या, नाकात चमकी, ओढणी डोक्यावरून. ओट्यावर चटई, मध्ये उतरती पेटी, तिच्यावर कागद. त्या उजवीकडून लिहायला लागल्या तशी माझी नजर हलेना. अक्षर कसं, वेलीला एकेक ताणा फुटावा तसं. आकडे मात्र डावीकडूनच लिहीत होत्या. एका ठिकाणी त्यांनी गोल शून्य काढलं आणि मी मनातून पेटले. अनुभव शून्य लिहिला की काय बाईने! विचारायची हिंमत झाली नाही. त्यांचा पाच तसाच असतो, हे मला नंतर कळलं.

पण खरी आग वेगळीच होती. हे बोलत होते. घरी जेवताना "मीठ" एवढाच शब्द बोलणारा माणूस! कुठल्या शाळेत शिकले, बाप वारल्यावर शाळा कशी सुटली, आधी होडीवर खलाशी म्हणून जाणार होते पण समुद्र लागायचा. मला तर हे माहीतच नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला कुणी सांगितलं नाही की ह्यांना समुद्र लागतो.

"भाई, उलटी करत मच्छी पकडली असती काय?" आपा म्हणाल्या, आणि हे चक्क खळखळून हसले.

मी चटईची काडी उपटत बसले.

मग कामाची गोष्ट आली. आपांनी विचारलं, "कॉम्प्रेसर कोण उघडतं?"

"मिस्त्री. मी पाना देतो."

"अमोनिया गळला तर?"

"मिस्त्री बघतात. मी सोबत असतो."

आमच्या कारखान्यात रीतच तशी. ज्याने काम शिकवलं तो जोवर स्टुलावर बसलाय तोवर शिकलेल्याने "मी केलं" म्हणायचं नाही. सगळं मिस्त्रीच्या नावावर. आपांना हे कुठून कळणार? त्यांनी लिहिलं, आणि नेहमीच्या रीतीने आम्हांला मराठीतून वाचून दाखवलं: "बर्फाच्या कारखान्यात मदतनीस. मिस्त्रीच्या हाताखाली काम केलं आहे."

"बरोबर," हे म्हणाले.

आपा थांबल्या. "भाई, मदतनीस लिहिलं तर मदतनीसाचाच पगार. तुम्ही एजंटाला द्याल ते फेडता फेडता दोन वर्षं जातील. तंत्रज्ञ लिहायला मला आवडेल, पण खोटं लिहिणार नाही. मालक समोर बसून विचारेल."

आणि आपा ह्यांच्याकडे इतक्या मायेने बघत होत्या, जणू ह्यांचं बरं-वाईट त्यांनाच कळतं! मला ते सहन झालं नाही.

"खोटं कशाला?" मी म्हटलं. आवाज माझा मलाच मोठा वाटला. "मिस्त्रींना मोतीबिंदू झालाय. पाना आणि स्क्रू त्यांना सारखेच दिसतात. गंधकाची वात पेटवून पाइपाजवळ कोण फिरवतो? जिथे पांढरा धूर होतो तिथे गळती असते, हे ह्यांनीच मला सांगितलंय. डोळे लाल करून घरी कोण येतं? मी धुते ते डोळे."

"अगं..." हे म्हणाले.

"अगं काय? झडपा बदलल्या तेव्हा तीन दिवस तुम्ही घरी आला नव्हता. तिथे काय मिस्त्रीचा पाना धरून झोपला होता?"

आपांनी टाक खाली ठेवला. "वहिनी, उघडण्याआधी गॅसचं काय करतात, तेही ह्यांनी सांगितलंय?"

ते मला येत नव्हतं. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे खाली मान घालून म्हणाले, "आत येणारी झडप बंद करायची. मशीन चालवून गॅस टाकीत ओढून घ्यायचा. दाब उतरला की मग बंद करून खोलायचं." मग हळूच, "मी करतो ते."

"'मी' म्हणा, मग लिहिते. पण आधी मिस्त्रींना विचारून या."

दुसऱ्या दिवशी हे गेले. मिस्त्री म्हणाले, "लिही की! मी काय आता आखातात निघालोय?" कारखान्याच्या मालकानेही अनुभवाच्या दाखल्यावर तसंच लिहून सही दिली. आपांनी जुना कागद फाडला आणि नव्या कागदावर वर चार ओळी लिहिल्या: थंड करण्याच्या यंत्रांचे तंत्रज्ञ, अमोनियाच्या कॉम्प्रेसरची देखभाल व दुरुस्ती स्वतः करतात, गळती शोधतात, मिस्त्रींकडून काम शिकले. खाली नाव, बापाचं नाव, जन्म, पासपोर्ट, विवाहित. मुंबईला टाइप करायला त्यांनीच पाठवलं, आणि वैद्यकीय तपासणीला पैसे कमी पडले तेही त्यांनीच दिले. मला ते पैसे तापल्या तव्यासारखे लागले.

मुलाखतीत अरबी मालकाने कागद वाचून दुभाष्याकडून गंधकाचं आणि गॅस ओढण्याचं विचारलं. हे "मी" म्हणाले. निवड झाली.

विमानाच्या दिवशी मला वाटलं, तेव्हा तोंड उघडलं नसतं तर बरं झालं असतं. मदतनीस म्हणून ह्यांना कुणी घेतलं नसतं, घरी राहिले असते.

पहिलं पत्र आलं त्यात आपांना सलाम होता. माझ्या पत्रात! मी ती ओळ त्यांना सांगायला गेले नाही. सांगितलं ते एवढंच, पैसे मी देईन, ह्यांच्या हातून नको. ह्यांचं काही देणं त्यांच्याकडे राहायला नको होतं मला. मोगरा आणि विड्याची पानं विकून थोडे थोडे नेऊन देत होते. आपा दरवेळी चहा देत आणि विचारत, "भाई कसे आहेत?" मी "बरे आहेत" म्हणून उठत असे.

पावसाळा संपता संपता शेवटचे नेले. आपांनी मोजलेच नाहीत. "मोजा," मी म्हटलं. त्यांनी माझ्यासमोर एकेक नोट चटईवर मांडली, लिहिण्याचे आणि तपासणीचे मिळून सगळे पुरे झाले. "झाले हं वहिनी," म्हणाल्या आणि नोटा पेटीत ठेवून कडी लावली.