बाहुली पाहणारी सगुणाबाई

आंबोलीच्या रानात बांबू तोडणाऱ्या सगुणाबाई साप दिसला की आधी त्याच्या डोळ्यांची बाहुली पाहत, मग प्रेमाने हात जोडीत. एकदा वेलीवर हरणटोळ साप झुलला, तशी त्यांची धाकटी जाऊ यमुना किंचाळली, "टाळूफोड्या गो! टाळू फोडील!" मागे सरताना तिने आधारासाठी बांबूकडे हात नेला. तिथे हिरवे वेटोळे निश्चल पडले होते.

"हा तर गरीब गवत्या," ती म्हणाली.

"हात काढ, यमे! गवत्याची बाहुली गोल असते. ह्याची उभी आहे नि डोकं त्रिकोणी. विषारी चापडा आहे हा!"

यमुनेने झटकन हात ओढला. "आणि तो वरचा?"

"तोंड टोकदार, बाहुली आडवी. तो कुणाचं काही फोडत नाही."

यमुनेने टाळू चाचपली. "आहे गो जागेवर!"

"आत काय आहे, ते रवळनाथ जाणे!"

हसत हसत दोघींनी दोन्ही जीवांना नमस्कार केला आणि बांबूचे ते बेट त्यांच्याकडेच सोडले.