दोन नावं, एक रेषा

श्यामला हेर्लेकर मूळची कुरुंदवाडची. वडील तिथल्याच शाळेत चित्रकला शिकवायचे. लग्न होऊन ती कोल्हापूरला आली, आणि दोन वर्षांतच शुक्रवार पेठेतल्या गुरुप्रसाद यांच्या छापखान्यात कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका जुळवायला बसली. पत्रिका जुळवणं म्हणजे नुसतं टाइप करणं नव्हे. कोणत्या काकांचं नाव वर, कोणत्या मामांचं खाली, स्वर्गवासी आजोबांपुढं किती जागा सोडायची, यावरनं लोक छापखान्यात बसून भांडायचे. श्यामला ऐकून घ्यायची, चार अक्षरं लहान-मोठी करायची आणि सगळ्यांना चहा पाजून घरी पाठवायची.

पुढं पत्रिका छापून घेणारे कमी झाले. लोकांना मोबाइलवर पाठवायला हलणारी पत्रिका हवी झाली. गुरुप्रसादांनी छापखान्याचा निम्मा भाग मोकळा करून तिथं व्हिडिओचं काम सुरू केलं आणि एक तयार मुलगा ठेवायचा विचार बोलून दाखवला.

"मुलगा कशाला?" श्यामला म्हणाली. "अक्षरं बसवायला मला येतात. आता ती चालवायला शिकायची, एवढंच की."

आणि ती शिकली. सुरुवातीला विकतचे टेम्प्लेट वापरून बघितले. त्यात एकेक अक्षर उडत यायचं. इंग्रजी नावांना ते शोभायचं, मराठी नावांची मात्र पार मोडतोड व्हायची. 'शि' यायचा असला की आधी नुसता श यायचा, आणि वेलांटी कुठल्या कुठं एकटी लटकत राहायची. जोडाक्षरांचे तर तुकडेच पडायचे. श्यामलानं टेम्प्लेट सोडून दिले. प्रत्येक अख्खं अक्षर, त्याच्या काना-मात्रांसकट, वेगळ्या लेयरवर, म्हणजे वेगळ्या पारदर्शक थरावर घ्यायचं आणि हातानं हलवायचं, असं तिनं सुरू केलं. वेळ लागायचा, पण नाव नावासारखं दिसायचं. वर्षभरात व्हिडिओच्या सुरुवातीची शीर्षकं करायला लोक तिचं नाव घेऊन यायला लागले.

मग ते फुटबॉलचं काम आलं.

कोल्हापुरात फुटबॉल म्हटल्यावर पेठापेठांत काय होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. शिवोदय चषकाचे चिटणीस विजयसिंह स्वतः दुकानात आले. स्पर्धेची अंतिम लढत होती 'उगवती तालीम मंडळ' आणि 'वावटळ' या संघांत. मैदानावर मोठा पडदा लावणार होते. सामन्याआधी त्यावर दोन्ही संघांची फिल्म दाखवायची, आणि फिल्मच्या सुरुवातीला आठ सेकंदांचं शीर्षक.

"आठच सेकंद हाईत, श्यामलाताई," विजयसिंह म्हणाले, "पण तेवढ्यातच सगळी आग हाय. उपान्त्य फेरीच्या पोस्टरवर एका संघाचं नाव वर छापलं, तर दुसऱ्याची पोरं मंडपात येऊन बसली. ह्या वेळी दोन्ही नावं सारखी आली पायजेत. एक पुढं, एक मागं चालणार न्हाय."

"सारखी येतील," श्यामला म्हणाली. "त्यात काय अवघड हाय?"

तिनं झटपट आराखडा केला. काळ्या पडद्यावर मध्ये विरुद्धचं 'वि.' हे अक्षर. डाव्या कडेनं 'उगवती तालीम मंडळ' आत येईल, उजव्या कडेनं 'वावटळ'. दोन्ही नावं एकाच फ्रेमला, म्हणजे व्हिडिओतल्या एकाच चित्राला निघणार, एकाच फ्रेमला थांबणार. येताना वेगात, थांबताना हळू, म्हणजे ब्रेक लावल्यासारखं आपटत नाही. थांबल्यावर नाव वाचायला पुरेसा वेळ. तिचा नेम असा होता की मनातल्या मनात सावकाश दोनदा वाचून होईल इतका वेळ अक्षरं स्थिर ठेवायची. पाठीमागं हलगी. हलगीच्या आवाजाची नक्षी कॉम्प्युटरवर खाली टाइमलाइनच्या, म्हणजे वेळेच्या पट्टीवर दिसते. थाप पडते तिथं उंच शेंडा येतो. नावं थांबण्याची फ्रेम तिनं बरोबर त्या शेंड्यावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी विजयसिंह दोन्ही संघांच्या माणसांना घेऊन आले. उगवतीचे गणपतराव निवृत्त मास्तर, पांढरा सदरा, बोलणं मोजकं. वावटळचे केरबा यांचा भाजीचा गाळा, आवाज असा की रस्त्यावरचा माणूस थबकावा. दोघं एकमेकांकडं न बघता श्यामलाच्या मागं खुर्च्या टाकून बसले.

तिनं क्लिप लावली. हलगी वाजली, नावं आली, थांबली.

"चांगलं झालंय," गणपतराव म्हणाले.

"चांगलं न्हाय," केरबा म्हणाले. "आमचं नाव मागनं आलं."

"मागनं कसं येईल, केरबाअण्णा?" श्यामला हसली. "दोन्हीची सुरुवात एकाच फ्रेमला हाय. हे बघा." तिनं टाइमलाइनवरच्या दोन्ही खुणा बोटानं दाखवल्या. एकाखाली एक, सरळ रेषेत.

"ते तुमचं काय असंल ते असू दे. माझ्या डोळ्यांनी बघितलंय. त्येंचं आधी दिसलं."

श्यामलानं त्यांना पटवायचं ठरवलं. सुरुवातीला गेली आणि एकेक फ्रेम पुढं सरकवू लागली. पहिल्या फ्रेमला पडद्यावर नुसतं 'वि.'. दुसऱ्या फ्रेमला डावीकडून 'मंडळ'चा शेवटचा ळ डोकावला. उजवीकडं काहीच नाही. तिसऱ्या फ्रेमला 'मंडळ' जवळपास अख्खं आत. उजवीकडं अजून काळोखच. 'वावटळ'चा पहिला वा दिसला तो आणखी दोन फ्रेमनंतर.

श्यामलानं त्या फ्रेम मागं घेऊन पुन्हा बघितल्या. मग श्यामला खो-खो हसली.

"अण्णा, तुमचं बरोबर हाय, माझं चुकलं. मी दोन्ही नावांचा मध्य धरून सारखं अंतर ठेवलं. उगवतीचं नाव लांब, म्हणून त्याचं टोक पडद्याच्या कडेला टेकूनच उभं होतं. तुमचं नाव आखूड, त्याला आधी बाहेरच थोडं चालावं लागलं."

"मी म्हटलं न्हवं?" केरबांनी गणपतरावांकडं पहिल्यांदाच बघितलं.

तिनं लगेच 'वावटळ' कडेजवळ सरकवलं आणि पुन्हा लावलं. आता दोन्ही टोकं एकाच वेळी आत आली. केरबा डोळे बारीक करून बघत होते.

"आता त्येंचं जोरात येतंय. आमचं रमतगमत."

हेही खरं होतं. लांब नावाला तेवढ्याच वेळात जास्त वाट कापावी लागत होती. श्यामलानं माउसवरचा हात काढून घेतला. एक लांब आणि एक आखूड नाव बाहेरून आत आणायचं म्हटल्यावर काही ना काही उणंअधिक राहणारच. टोकं सारखी करा, तर वेग बिघडतो. वेग सारखा करा, तर टोकं.

"तुम्ही पलीकडं चहा घेऊन या," ती म्हणाली. "अर्ध्या तासानं बोलावते."

ते गेल्यावर ती नुसती पडद्याकडं बघत बसली. घाबरली नव्हती, असली भांडणं तिनं पत्रिकांच्या काळात पोत्यानं बघितली होती. दोन्ही नावांत सारखं काय आहे, एवढंच ती शोधत होती. लांबी सारखी नव्हती. अक्षरांची संख्या सारखी नव्हती. सारखी होती ती उंची. आणि दोन्ही नावांच्या डोक्यावरची शिरोरेषा.

तिनं आधीचं सगळं पुसून टाकलं. मध्यावरच्या 'वि.'पासून एक पांढरी रेघ एकाच वेळी डावीकडं आणि उजवीकडं पडद्याच्या कडांपर्यंत धावत नेली. तीच दोन्ही नावांची शिरोरेषा. रेघ पुरी झाली की तिच्याखालून अक्षरं खाली उतरायची, दांडीवरून पडदा सोडावा तशी. रेघेच्या वर मास्क, म्हणजे न दिसणारं झाकण लावला, म्हणजे उतरण्याआधी अक्षरं दिसायची नाहीत. 'ती', 'ली' यांच्या वरच्या वेलांट्या आणि 'मं'वरचा अनुस्वार यांची दुसरी प्रत करून त्यांना उलटा, रेघेखालचं झाकणारा मास्क दिला. ती मंडळी त्याच क्षणी रेघेतून वर उगवायची. आता वाट होती ती फक्त अक्षराच्या उंचीएवढी. दहा अक्षरं असोत की चार, सगळ्यांना तेवढंच चालायचं होतं.

तिनं हलगीच्या थापेवर रेघ पुरी केली, पुढच्या थापेवर अक्षरं बसवली आणि पाच-सहा वेळा बघितलं. एक गोष्ट अजून खटकत होती. मराठी वाचणारा डोळा डावीकडूनच सुरू करतो. सगळं एकाच फ्रेमला झालं, तरी उगवती आधी वाचलं जाणार. पण डोळा आणखी एका गोष्टीकडं जातो. जे आधी हलतं तिकडं. तिनं 'वावटळ'ची सुरुवात तीन फ्रेम अलीकडं घेतली. थांबायची फ्रेम मात्र दोघांची एकच ठेवली.

मंडळी परत आली. तिनं काही न सांगता क्लिप लावली. रेघ धावली, थाप पडली, नावं उतरली.

"परत," केरबा म्हणाले.

तिनं परत लावली. तिसऱ्यांदाही लावली.

"हां," केरबा म्हणाले. "आता आमचं आधी आलं."

"काहीतरीच काय," गणपतराव म्हणाले. "आधी आमचं आलं. स्पष्ट दिसतंय."

दोघं एकमेकांकडं बघायला लागले. विजयसिंहांनी मान खाली घातली, कारण त्यांना हसू आवरत नव्हतं.

"मग ठेवायचं का असंच?" श्यामलानं विचारलं.

"ठेवा की," केरबा म्हणाले. गणपतरावांनीही मान हलवली आणि दोघं समाधानानं बाहेर पडले.

विजयसिंह मागं थांबले. "खरं सांगा ताई, आधी कुणाचं आलं?"

"निघालं वावटळ आधी, वाचलं गेलं उगवती आधी, आणि पोचले दोघं एकदमच." ती पक्की फिल्म तयार करायचं रेंडरचं बटण दाबत म्हणाली. "विचारलं तर त्यांनाही हेच सांगणार हाय. लपवण्यासारखं काही न्हाय."

सामन्याच्या दिवशी चारच्या सुमाराला विजयसिंहांनी तिला पुढच्या रांगेत बसवलं. इतक्या वर्षांत ती मैदानात पहिल्यांदाच आली होती. तिचं काम नेहमी दुसऱ्यांच्या मोबाइलवर, वीतभर पडद्यावर चालायचं; इथं पडदा दुमजली घराएवढा होता आणि समोर हजारो माणसं. दोन्ही बाजूंनी हलग्या सुरू होत्या, त्यात फिल्मची हलगी ऐकू तरी येईल का, अशी तिला शंका आली.

पडदा काळा झाला. 'वि.' उमटलं. पांढरी रेघ दोन्हीकडं धावली आणि मैदान एकदम शांत झालं, श्वास घेऊन थांबल्यासारखं. मग थाप पडली, नावं उतरली, आणि डावा-उजवा दोन्ही कट्टे एकाच क्षणी असे ओरडले की खालची फळी थरथरली. कुणी आधी ओरडलं नाही, कुणी नंतर.  आठ सेकंद संपले तेव्हा आपण दोन्ही हातांनी पदर धरून ठेवलाय हे श्यामलाच्या लक्षात आलं.

"कसं वाटलं?" विजयसिंहांनी वाकून विचारलं.

"वेलांट्या लांबून बारीक दिसतात," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी अक्षर जाड घेते."

"म्हंजे पुढच्या वर्षीचं काम तुम्ही आत्ताच धरलं की!"

"मग? दुसरं कोण करणार?"

शिट्टी झाली. तिला ऑफसाइड कळत नव्हतं, म्हणून शेजारच्या बाईनं ते तिला हाताची बोटं उभी करून समजावलं. पहिला गोल वावटळनं केला तेव्हा ती उठून उभी राहिली. बरोबरीचा गोल उगवतीनं केला, तेव्हाही उभी राहिली. मागून कुणीतरी ओरडलं, "ओ ताई, तुम्ही नेमक्या कुणाकडच्या?"

श्यामलानं वळूनही बघितलं नाही. चेंडू उजव्या कोपऱ्यातून वर आला होता आणि तिला तो बघायचा होता.