आमच्या मक्याला दाखवलेलं ऊन

देवणीहून सासूबाई उन्हाळ्यात नांदेडला आल्या की घरातलं काहीही उन्हातून सुटत नाही. तूर, हरभरा, गाद्या, सगळं गच्चीवर जातं. त्या उन्हाळ्यात मी एका टॉकीजमध्ये पॉपकॉर्नचा स्टॉल नुकताच घेतला होता आणि मक्याचं एक जादा पोतं घरी ठेवलं होतं. मी दुपारी स्टॉलवर असताना त्यांनी ते फोडलं आणि मका गच्चीवर पसरला. चांगले आठ दिवस, रोज मी परतायच्या आत पुन्हा पोत्यात भरून. धान्याला ऊन दाखवलं की सोंडे लागत नाहीत, एवढं साधं सुनेला कळू नये, याचं त्यांना वाईट वाटलं होतं. मला सांगितलंही नाही. उपकार काय सांगून करायचे असतात?

पुढच्या शनिवारी ते पोतं स्टॉलवर नेलं. मशीन तापलं, तेल पडलं, मका पडला, आणि फट-फट व्हायचं ते दहा-वीस दाण्यांवर थांबलं. बाकी सगळे गणंग, तसेच टणक. मी आधी मशीनला शिव्या घातल्या, मग तेलाला, मग मशीन आणणाऱ्या आमच्या ह्यांना. एका गिऱ्हाइकाची दाढ दुखावली. टॉकीजच्या मॅनेजरसाहेबांनी शांतपणे सांगितलं, की पुढच्या रविवारी स्वतः खाऊन बघणार. असेच खडे निघाले तर स्टॉल दुसऱ्याला. तो स्टॉल मी सहा महिने मागे लागून मिळवला होता. घरी येताना ऑटोत मला रडूच फुटलं, दाणे मात्र फुटले नव्हते.

ज्याच्याकडून मका घेते त्या मोंढ्यातल्या धान्यव्यापाऱ्याला फोन केला. त्याने पहिला प्रश्न विचारला, मका उन्हात ठेवला होता का? मी ठामपणे नाही म्हणाले. सासूबाई पलीकडच्या खोलीतून तितक्याच ठामपणे म्हणाल्या, "हाव, ठेवला की. लई कडक वाळवलाय."

व्यापारी हसला, मग समजावलं. दाण्याच्या पोटात थोडं पाणी असतं. तापल्यावर त्याची वाफ होते, कडक साल तिला कोंडून धरते, आणि दाब असह्य झाला की दाणा फुटतो. पाणीच उडालं तर वाफ कुठून येणार? साल तडकलेली असेल तर वाफ गळून जाते, त्या दाण्याला औषध नाही. बाकीच्यांना आहे: घट्ट झाकणाच्या ड्रममध्ये मका भरायचा, किलोमागे तीन-चार मोठे चमचे पाणी घालायचं, रोज हलवायचं आणि चार-पाच दिवस झाकण उघडायचं नाही. पाणी जास्त झालं तर साल मऊ पडते, लाही बारकी आणि चिवट होते, वर बुरशीही धरते.

आता वाळवलेल्या धान्यात पाणी घालायचं, हे सासूबाईंपुढे बोलणं म्हणजे देवघरात चप्पल घालून शिरण्यासारखं. त्यांनी कपाळाला हात लावला. मी तरीही चमचे मोजून पाणी घातलं, ड्रम हलवला आणि सावलीत ठेवला. दोन दिवसांनी मूठभर दाणे कढईत टाकले तर निम्मेसुद्धा फुटेनात. मला घामच फुटला. त्या दुपारी स्टॉलवर न जाता घरीच पडले होते, चहाला उठले तर सासूबाई ड्रमपाशी, झाकण काढून, पदराने वारा घालत बसलेल्या. "कोंदट वास येऊन राहिला होता," म्हणाल्या. रोज दुपारी त्या हे करत होत्या. त्यांच्या मायेने माझ्या मक्यातलं पाणी दुसऱ्यांदा उडवलं होतं. मी असं चिडले की त्या दिवशी चहा दोघींनी वेगवेगळा केला.

पुन्हा थोडं पाणी घातलं आणि ड्रम शेजारणीच्या खोलीत हलवला. सासूबाईंना सांगितलं, की ड्रम टॉकीजवर नेलाय.

रविवारी त्या हट्टाने स्टॉलवर आल्या आणि मशीनशेजारी स्टुलावर बसल्या. मी हात जोडून मका टाकला. आधी एक फुटला, मग दोन, मग असा तडतडाट झाला की काचेवर लाह्या आदळायला लागल्या. तळाशी चिमूटभर तडकलेले उरले, तेवढे उरणारच. मॅनेजरसाहेबांनी पुडा संपवला, बोटं चाटली आणि विचारलं, आठवड्यात केलं तरी काय?

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "मी ऊन दाखवलं होतं, साहेब. आठ दिवस."

साहेबांना ते मनापासून पटलं. जुन्या माणसांचं ऐकत जा, म्हणाले. स्टॉल तुमचाच, पण यापुढे प्रत्येक पोतं टॉकीजच्या गच्चीवर वाळवूनच वापरायचं. खरं सांगावं तर सासूबाई सगळ्यांसमोर खोट्या पडणार होत्या, आणि त्यांचा चेहरा इतका फुलला होता की माझी जीभच उचलेना. मी हो म्हणाले.

तेव्हापासून नवीन मका आला की घट्ट झाकणाचा ड्रम टॉकीजच्या गच्चीवर चढतो. टाकीच्या सावलीत संध्याकाळपर्यंत बसतो आणि होता तसाच खाली येतो. देवणीहून सासूबाईंचा फोन येतो, ऊन दाखवलंस का?

"हाव आत्या," मी म्हणते, "तुमच्यासारखंच."