यशोदाकाकीचं अवधाण

यशोदाकाकीच्या डाव्या हाताची बोटं कधी धड नसायची. बावीस वर्षं ती मालवणातल्या एका खानावळीसाठी रोज सकाळी मासे साफ करत होती. डाव्या हातात मासा, उजव्या हातात सुरी. शिंगाळ्याचा काटा बोटात घुसला की चार दिवसांनी डाव्या बगलेत दुखरी गाठ यायची. अवधाण. काकी हाताला शिव्या घालत हळदीचा लेप लावायची आणि गाठ विरून जायची.

यंदाची गाठ तीन महिने विरली नव्हती. काकीने ती कुणाला सांगितली नव्हती. सांगण्यासारखं होतं काय त्यात?

तिची मुलगी संचिता मेडिकलच्या पहिल्या वर्षाला होती. शरीररचनेची तोंडी परीक्षा सोमवारी. संचिताची बालमैत्रीण आकांक्षा मराठीत बी.ए. करणारी, त्यामुळे तिचं काम एकच : पुस्तक हातात धरायचं आणि प्रश्न विचारायचे. अर्धे शब्द तिला कळत नसत.

"स्तनातली लसिका मुख्यतः कुठे जाते?" आकांक्षाने विचारलं.

"लसिका म्हणजे काय गो?" पडवीत कोलंबी सोलता सोलता काकीने मध्येच तोंड घातलं.

"पाण्यासारखो रस, आये. सगळ्या अंगातून वाहता. मधी मधी गाठी असतत, त्या गाळून घेतत."

"म्हणजे गाळणी."

"व्हय, गाळणी. आता गप बस." संचिता घडाघडा बोलू लागली. "पाऊण हिस्सा बगलेतल्या गाठींकडे. बाकीचा बराचसा छातीच्या मधल्या हाडालगतच्या गाठींकडे. बगलेत पाच गट. पुढला, मागला, बाजूचा, मधला, टोकाचा. स्तनातला रस आधी पुढल्यात, मग मधल्यात, मग टोकाच्यात. कॅन्सर पसरतो तोही बहुतेक याच वाटेने."

"आणि बाजूचा गट?"

"तो हाताचा. हाताला जखम झाली तर आधी तिथे सूज."

कोलंबी सोलण्याचा आवाज थांबला.

"संचिते," काकी म्हणाली, "ह्यो बाजूचो गट खंय आसता?"

"दंडाच्या हाडाकडे."

"आणि पुढलो?"

"बगलेच्या पुढच्या घडीमागे, छातीकडे. कित्याक?"

काकीने ओले हात पदराला पुसले. मग उजव्या हाताची बोटं डाव्या बगलेत घातली आणि बराच वेळ काहीतरी शोधत राहिली. आकांक्षाला वाटलं, काकी नेहमीसारखी थट्टा करतेय.

"माझा अवधाण पुढे आसा," काकी म्हणाली.

संचिता उठली. तिने हात लावून पाहिलं. "दुखता?"

"ह्याच तर नवल. दुखणा नाय."

"बोटाक काटो कधी लागलेलो?"

"तो खंयच बरो झालो."

संचिताने हात काढून घेतला. आता ती काहीतरी सांगेल म्हणून आकांक्षा तिच्याकडे बघत राहिली. उत्तर तर तिने आत्ताच दिलं होतं, क्रमाने, न अडखळता.

"माका ठावक नाय, आये. ह्या नुसत्या हातान कळणा नाय. डॉक्टराक दाखवूक व्हया."

"मगे इतक्या रात्रंदिवस शिकतस तरी कित्या?" काकी हसली. कुणीच हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिघी जिल्ह्याच्या इस्पितळात गेल्या. डॉक्टरीणबाईंना स्तनाच्या वरच्या बाहेरच्या भागात वाटाण्याएवढी कडक गाठ सापडली. काकीला ती कधी जाणवली नव्हती. स्तनाचा एक्स-रे झाला, सोनोग्राफी झाली, दोन्ही गाठींतून सुईने नमुने घेतले. संचिताची तोंडी परीक्षा झाली.

अहवाल आला. दोन्ही गाठींत कॅन्सर होता.

आकांक्षाला कळेना. दुखत नाही ते वाईट कसं? वाटाण्याएवढं काहीतरी तीन बोटं लांब जाऊन बसतं आणि माणसाला पत्ता लागत नाही? ती अहवाल पुन्हा पुन्हा वाचत राहिली. एकही वाक्य पूर्ण नव्हतं. क्रियापदंच नव्हती.

डॉक्टरीणबाई समजावत होत्या. अजून तपासण्या, मग औषधं, मग ऑपरेशन. काकी ऐकत होती. इस्पितळात ती शुद्ध मराठी बोलायची.

"बाई, माझी पुढली गाठ आहे ना? टोकाकडे गेलंय का?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"पोरगी पाठ करत होती."

"सोनोग्राफीत तरी तसं दिसत नाही. पण नक्की ऑपरेशननंतरच सांगता येईल."

"बरं." काकीने डावा हात मांडीवर उलटा ठेवला. अंगठ्यावर काट्याचा जुना काळा ठिपका होता. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि मग हळूच आकांक्षाला म्हणाली, "इतकी वर्सा ह्या हाताक शिव्या घातलंय गो. बिचारो."