आईच्या हनुवटीवरचे पॅच

आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते. तिचा आवाज, तिचा चेहरा, काहीच आठवत नाही. तिचा एकच फोटो उरला होता, तोही जैनथकडच्या गावात, मामाच्या पेटीत. आदिलाबादच्या एका फोटो स्टुडिओत दुसऱ्यांच्या आई-बापांचे जुने फोटो दुरुस्त करण्यात माझी अकरा वर्षं गेली, पण मामाकडं तो फोटो मागायचं धाडस झालं नव्हतं. शेवटी मागितला, तेव्हा तो स्वतःच बसनं घेऊन आला.

"स्कॅन का काय ते आत्ताच कर. फोटो माझ्यासंगंच परत जाईन," तो म्हणाला.

मी घाईघाईत स्कॅन केला आणि पासपोर्ट फोटो ठेवतो तसाच जेपीजी करून ठेवला. फोटोला गालापासून हनुवटीपर्यंत घडी पडली होती आणि घडीवरचा रंग उडाला होता. मग रोज जेवणाच्या सुट्टीत ती फाइल उघडायची, शेजारची चांगली त्वचा उचलून घडीवर पॅच लावायचा, सेव्ह करायचं, बंद करायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच फाइल, त्याच नावानं. खरं तर काम दोन दिवसांचं होतं. मी ते तीन आठवडे पुरवलं. तेवढा वेळ ती माझ्यासमोर असायची.

मोठी प्रिंट काढून मामाला दाखवायला गेले. त्यानं ती ओसरीतल्या उजेडात धरली.

"गोंदण काऊन पुसलं?" त्यानं विचारलं.

"कोणतं गोंदण?"

"बाईच्या हनुवटीवर तीन ठिपके होते," तो म्हणाला. आपल्या बहिणीला, म्हणजे माझ्या आईला, तो बाईच म्हणायचा. "गोंदायला आमी दोघं संगंच जत्रेत गेलतो. ती रडली, मी हसलो."

मला ठिपके दिसलेच नव्हते. घडीच्या कडेला काहीतरी करडं होतं, मी ते धूळ समजले असेन. प्रिंटवर तिथं आता गुळगुळीत डाग होता आणि त्यात बारीक चौकोन दिसत होते. बाकीचा चेहरा मात्र जवळजवळ तसाच होता.

स्टुडिओच्या मालकीणबाईंना आम्ही अक्का म्हणतो. मी परत येऊन दाखवल्यावर त्यांनी फाइल मोठी करून पाहिली.

"रोज त्याच जेपीजीवर सेव्ह करून राह्यली का तू?"

मी हो म्हणाले. गिऱ्हाइकांचे फोटो एका बैठकीत होऊन जायचे, एकच फाइल रोज उघडायची वेळ कधी आलीच नव्हती.

त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "जेपीजी फोटोचे छोटे छोटे चौकोन पाडते, आठ बाय आठ पिक्सेलचे. प्रत्येक चौकोनातला बारीक तपशील थोडा टाकून देते, म्हणून फाइल हलकी होते. जिथं तू हात लावला नाही, तिथं जे जायचं ते पहिल्यांदाच गेलं. क्वालिटी तीच ठेवली तर पुढच्या सेव्हला तिथं फारसं बिघडत नाही. पण तुझा पॅच दुसरीकडून उचललेला. जुन्या चौकोनांच्या रेषा तो संगं घेऊन येतो आणि नव्या चौकोनांत वाकडा बसतो. तिथं पुन्हा तपशील कापला जातो. उद्या त्यावर आणखी पॅच, आणखी कापणं. शेवटी कागदाचा दाणा, त्याची बारीक खरखर, काहीच उरत नाही."

आईजवळ बसायचं म्हणून मी रोज फाइल उघडत होते, आणि रोज तिचा थोडा थोडा भाग माझ्याच हातानं जात होता. त्या दिवशी मी दुसरं कामच केलं नाही.

पहिला स्कॅन उरलाच नव्हता. त्याच्यावरच तर सगळं सेव्ह झालं होतं. मी स्कॅनर पिशवीत घालून मामाच्या घरी गेले, म्हणजे फोटो गावाबाहेर न्यायला नको. या वेळी मोठ्या रिझोल्यूशनचा स्कॅन केला आणि टिफमध्ये ठेवला. त्यात काही टाकून दिलं जात नाही. त्याची एक प्रत न उघडण्यासाठी बाजूला काढली. दुसऱ्या प्रतीवर रिकामा लेयर, म्हणजे पारदर्शक थर, घेतला आणि सगळे पॅच त्याच लेयरवर लावले, खालच्या फोटोला धक्का न लावता. काम चालू असताना फाइल लेयरसकट फोटोशॉपच्या पीएसडीतच सेव्ह केली, कितीही वेळा. जेपीजी शेवटी एकदाच काढली, मामेबहिणीच्या मोबाइलवर पाठवायला. प्रिंटसाठी दुरुस्त फोटोची वेगळी टिफ केली.

काम करताना मोठं करून पाहिलं तर घडीच्या अगदी काठावर तीन ठिपके होते. एक अर्धा उडालेला. तो मी तसाच ठेवला.

मामानं नवी प्रिंट हातात घेतली. अंगठा हनुवटीपर्यंत नेला आणि कागदाला न लावता थांबवला.

"हे माही बाई," तो म्हणाला. मग आत जाऊन तोंड धुऊन आला.

आता सुट्टीत मी कधी कधी ती पीएसडी उघडते. पॅचचा लेयर बंद करते, घडी परत येते. चालू करते, घडी जाते. दोन्ही वेळा ती माझ्याकडं बघत नाही, जरा बाजूला बघते, फोटो काढणाऱ्याच्या मागं. तिथं कोण उभं होतं, हे मामालाही आठवत नाही.